बघू, बघतो, बघून सांगतो

कंपनीत टाउनहॉल झाला की दुसऱ्या दिवशी कॅन्टीनमध्ये त्याचा सारांश तयार असतो. "काय म्हणाले साहेब?" "चांगलं बोलले." "म्हणजे काय?" "समोसा गरम होता." दीड तासाच्या सभेतून एवढाच ऐवज हाती लागतो, आणि त्यात समोशाचा काही दोष नाही. सुरुवातीला पडद्यावर तक्ते सरकत असतात. मग माइक फिरू लागतो, लोक विचारतात, साहेब बोलतात, टाळ्या पडतात. कोणी काय विचारलं, त्याला उत्तर मिळालं की नुसता आवाज मिळाला, आणि "बघतो" म्हणाले ते नक्की कोण बघणार, हे आठवडाभरात सगळे विसरतात. विचारणारा सोडून.

चाकणच्या एका कारखान्यात मी एचआरमध्ये आहे, आणि टाउनहॉलचं हे 'नंतरचं' काम माझ्याकडे आहे. सभेचा शब्दशः उतारा घ्यायचा आणि त्यातून तीन गोष्टी वेगळ्या काढायच्या: विचारलं काय, उत्तर काय मिळालं, पुढे करतो म्हणून काय कबूल झालं. ऑफिसात हे काम होत नाही, कारण तिथे दर दहा मिनिटांनी कोणीतरी येऊन "माझं ते वाक्य जरा बघून घ्या" म्हणतं. म्हणून मी ते रविवारी पिंपळवंडीला घरी घेऊन येते. इथे व्यत्यय येतात, पण ते विजेचे आणि पाहुण्यांचे. वाक्यं बदलून मागणारं इथे कोणी नाही.

उतारा म्हणजे मीटिंगच्या सॉफ्टवेअरने आपोआप टिपलेली फाइल. ती उघडली की आधी एका विलक्षण गृहस्थाची ओळख होते. त्याचं नाव Auditorium. सभागृहात फिरता माइक एकच, तो जोडलेला सभागृहाच्या खात्याला, त्यामुळे तीनशे माणसांतून ज्याने ज्याने तोंड उघडलं तो प्रत्येक जण फाइलमध्ये Auditorium. या गृहस्थाला कॅन्टीनचं तेल बाधतं, त्याला बाळंतपणाची रजा वाढवून हवी आहे, तो गेल्या जूनपासून ट्रेनीच आहे आणि निवृत्तीला त्याची दोन वर्षं उरली आहेत. तो स्वतःलाच प्रश्न विचारतो आणि मध्येच "बसा, बसा, ऐकून घ्या" असं स्वतःलाच दटावतोही. पहिलं काम म्हणजे या एकाची पुन्हा माणसं करणं. त्याला कानाशिवाय उपाय नाही. ध्वनिमुद्रण लावायचं आणि आवाज बदलला की रेघ मारायची.

एक तुकडा दाखवते. नावं नाहीत, बाकी तसाच आहे.

```
00:41:12.000 --> 00:41:20.500
<v Auditorium>सर सेकंड शिफ्टची बस फाट्यावर सोडते
तिथून दीड दोन किलोमीटर सगळा ऊस
बाबत्या रोजचा झालाय
```

'बाबत्या' हा कोणी गावगुंड नव्हे. जुन्नर-आंबेगावात कोणालाही विचारा, तो बिबट्या आहे हे न बघता सांगेल. उसात जन्मलेले, उसातच वाढलेले बिबटे आमच्याकडे आता पाहुणे राहिलेले नाहीत. माणिकडोहला त्यांच्यासाठी निवारा केंद्र आहे, आणि अंधार पडल्यावर पोरांना एकटं सोडू नका, हे इथे वेगळं शिकवावं लागत नाही. दुसरी पाळी साडेअकराला सुटते आणि कंपनीची बस राजगुरुनगर, मंचर, नारायणगाव करत आळेफाट्याच्या बाजूला येईपर्यंत मध्यरात्र उलटलेली असते. त्या वेळी हायवेवर उतरून वस्तीपर्यंत चालत जाणाऱ्याला 'सेफ्टी फर्स्ट'चा फलक कारखान्याच्या आतच का लावलाय, असा प्रश्न पडला तर नवल नाही.

तो माणूस एवढ्यावर थांबला नव्हता. पुढचं त्याचं बोलणं असं: "तर बस आत वस्तीपर्यंत यावी. ते होत नसंल तर आम्हाला फर्स्ट शिफ्ट द्यावी. मागच्या टायमाला पण हेच विचारलं होतं, सर." एका दमात बोलला, म्हणून ऐकणाऱ्याला तो एकच प्रश्न वाटतो. प्रत्यक्षात ते तीन आहेत. बस आत येईल का? नाही आली तर पाळी बदलून मिळेल का? आणि मागच्या वेळच्या विचारण्याचं काय झालं? यातला तिसरा व्याकरणाने प्रश्नच नाही, साधं विधान आहे. पण आपली माणसं साहेबांसमोर प्रश्नचिन्ह लावून बोलत नाहीत. "पंखा चालत नाही" म्हणजे "पंखा कधी दुरुस्त करणार?" नुसती प्रश्नचिन्हं शोधत गेलं तर निम्मी सभा हातातून निसटते. म्हणून ज्या वाक्याला उत्तर अपेक्षित आहे ते प्रत्येक वाक्य मी प्रश्न धरते, आणि तिहेरी प्रश्नाच्या तीन ओळी करते: १४ अ, १४ आ, १४ इ. प्रत्येकीपुढे ध्वनिमुद्रणातली वेळ लिहिते. ही वेळ फार उपयोगाची. उद्या कोणी "मी असं म्हणालोच नाही" म्हटलं की वाद घालायचा नाही, एक्केचाळिसावं मिनिट लावायचं.

आता उत्तर. प्लान्ट हेड म्हणाले, "बिबट्याचा विषय सिरियस आहे. आपल्यासाठी सेफ्टी सगळ्यात आधी. इथे गेटवर कुत्र्यांचा त्रास आहे, तो मलाही आहे." (हशा. हशा यंत्र लिहीत नाही, तो मी कंसात घालते, कारण त्याच्याशिवाय कुत्र्यांचा संदर्भ फारच चमत्कारिक दिसतो.) "तर आपण बघू. अ‍ॅडमिन ट्रान्सपोर्टरशी बोलून घेईल." टाळ्या. माइक पुढे गेला.

ऐकताना हे उत्तर वाटतं. मी स्वतः सभेत बसले होते आणि मीही टाळी वाजवली होती. कागदावर मात्र 'उत्तर' या रकान्यात लिहायला बसलं की हातात काही येत नाही. विषय सिरियस आहे, हे प्रश्न विचारणाऱ्यालाही ठाऊक होतं. बस येईल का, याला हो नाही आणि नाहीही नाही. पाळीबद्दल एक अक्षर नाही. मागच्या वेळेबद्दल तर नाहीच नाही. इथे लिहिणाऱ्याला एक मोह होतो, फार सज्जन मोह: साहेबांना म्हणायचं असेल ते आपण नीट शब्दांत मांडू. 'व्यवस्थापन बसमार्ग बदलण्याबाबत सकारात्मक आहे.' असं लिहिलं की साहेब खूश, वाचणारा खूश, आणि दोन महिन्यांनी त्याच फाट्यावर उभा राहिलेला माणूस आपल्याला खोटारडी म्हणणार. म्हणून उत्तराच्या रकान्यात उत्तर सुधारायचं नाही. जे म्हटलं तेवढंच लिहायचं, आणि पुढे शेरा: उत्तर दिलं, अर्धवट दिलं, दुसऱ्याच गोष्टीचं दिलं, की दिलं नाही.

याहून अवघड असतं ते गोल उत्तर. त्याच सभेत थकलेल्या ओव्हरटाइमबद्दल एक वाक्य आलं, "मिळणार नाही असं काही नाही." याचं सरळ रूप 'मिळेल' असं होत नाही. ज्याने ते उच्चारलं त्याने दोन नकार फार जपून जोडलेले आहेत. अशी वाक्यं मी अवतरणात जशीच्या तशी ठेवते. यंत्राला दोन नकारांचं ओझं झेपत नाही, ते एखादा गाळून टाकतं, आणि मग कागदावर एकतर दिवाळी असते नाहीतर संप. म्हणून नकार, आकडे आणि नावं एवढं तरी कानाने पडताळल्याशिवाय मी पुढे जात नाही. मराठी आकड्यांत तर पावलोपावली खड्डे आहेत. एकोणतीस आणि एकोणचाळीस, पंचवीस आणि पंचेचाळीस, सगळं एका श्वासात सारखंच ऐकू येतं, आणि 'अडीच' आणि 'अडीचशे' यांच्यामधला 'शे' टाळ्यांत बुडतो.

या आकड्यांनीच बसच्या प्रश्नात गंमत केली. अठ्ठावन्नाव्या मिनिटाला, मध्ये कॅन्टीन, बोनस आणि पार्किंग होऊन गेल्यावर, अ‍ॅडमिनचे मॅनेजर माइक घेऊन म्हणाले, "मघाशी तो बसचा विषय निघाला. ट्रान्सपोर्टरचं कॉन्ट्रॅक्ट मार्चपर्यंत आहे, रूट वाढला तर किलोमीटरचा रेट बदलतो. मी बोलून पन्नास तारखेपर्यंत सांगतो." पन्नास तारीख म्हटलं की यंत्र चुकलं हे निदान कळतं तरी. ते पंधरा होतं. त्याने 'पाच' लिहिलं असतं तर मला शंकाही आली नसती, आणि बिचारा मॅनेजर सहा तारखेपासून शब्द न पाळणारा ठरला असता.

सांगायचं ते असं की उत्तर प्रश्नाच्या शेजारी असतंच असं नाही. सतरा मिनिटांनी, दुसऱ्याच माणसाच्या तोंडून, 'मघाशी' या एका शब्दाचा धागा धरून ते येतं. म्हणून उतारा वरून खाली एकदा वाचून भागत नाही. प्रश्न काढून झाले की प्रत्येक प्रश्न हातात धरून शेवटापर्यंत पुन्हा जावं लागतं. आणि चॅटमध्ये टाइप केलेले प्रश्न तर उताऱ्यात येतच नाहीत, ती फाइल वेगळी उतरवून घ्यावी लागते. साहेब मोठ्याने नुसतं "हो, तेही करू" म्हणतात. कशाला हो म्हणाले, ते चॅटची वेळ जुळवल्यावर कळतं.

मग तिसरा रकाना, कबूल केलेल्या गोष्टींचा. इथे आमच्या तात्यांचा उपयोग झाला. तात्या माझे चुलते, विकास सोसायटीचे सेक्रेटरी म्हणून निवृत्त. आयुष्यभर त्यांनी प्रोसिडिंग लिहिलं. माझा लॅपटॉप बघून ते म्हणाले, "पोरी, प्रश्न कशाला लिहितीस? ठराव लिही. चर्चेअंती सर्वानुमते मंजूर, सूचक अमुक, अनुमोदक तमुक. मोकळी हो."

"तात्या, पण ठराव झालाच नाही. नुसते बघतो म्हणाले."

"मग लिहायचंच कशाला?"

तात्यांचा प्रश्न गैर नाही. आपल्या सहकारी संस्थांची वार्षिक सभा सप्टेंबरअखेरपर्यंत घ्यावी लागते, तिच्या विषयपत्रिकेत पहिला विषय ठरलेला असतो, मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे, आणि शेवटचाही ठरलेला, अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणारे विषय. लोकांच्या मनात जे काही असतं ते सगळं त्या शेवटच्या विषयात येतं आणि प्रोसिडिंगमध्ये एका ओळीत मावतं. इतिवृत्त निर्णयांसाठी असतं. निर्णय न झालेल्या गोष्टींना त्यात बसायला जागाच नसते. टाउनहॉल मात्र पहिल्यापासून शेवटपर्यंत आयत्या वेळचाच विषय असतो. तिथे ठराव शोधत बसलं तर पान कोरंच राहील.

कोऱ्या पानावरूनच तात्यांनी मला एक पक्की गोष्ट शिकवली. 'कोण करणार' या रकान्यात मी १४ आ समोर काही लिहिलं नव्हतं, कारण पाळीबद्दल कोणी काही बोललंच नव्हतं. तात्यांना ते बघवेना. "कोरी जागा ठिवायची नाही. उद्या कोणी काही भरंल. आडवी रेघ मार." प्रोसिडिंगच्या वहीत सही करण्याआधी उरलेल्या जागेवर रेघ मारायची सवय त्यांच्या हाताला आहे. माझ्या तक्त्यात तिचा आणखी एक उपयोग निघाला. रिकामी चौकट दोन गोष्टी सांगू शकते: सभेत हे सांगितलंच नाही, किंवा मी अजून तपासलं नाही. वाचणाऱ्याला यातलं कुठलं ते कळत नाही. तेव्हापासून मी रिकामं काही सोडत नाही, स्पष्ट लिहिते: 'सांगितलं नाही.' तीन रकान्यांत तीनदा 'सांगितलं नाही' आलेली ओळ काळ्या रेघेहून जास्त बोलते.

तात्यांच्या "मग लिहायचंच कशाला" याचं उत्तर मला थेट दिल्लीत सापडलं. लोकसभेत १९५३ साली, मावळणकर अध्यक्ष असताना, शासकीय आश्वासनांची एक समिती नेमली गेली. तिचं काम एवढंच की मंत्र्यांनी सभागृहात दिलेली आश्वासनं पाळली का ते बघणं. कामकाजाच्या शब्दशः वृत्तांतातून आश्वासनं वेचून काढली जातात, म्हणजे माझंच काम, फक्त समोसे बहुधा बरे असावेत. 'विचाराधीन आहे', 'मी यात लक्ष घालीन', 'माहिती मागवली आहे, सदस्यांना कळवीन' अशा कुठल्या वाक्यांना आश्वासन म्हणायचं, त्याची यादीच ठरलेली आहे. पूर्ततेसाठी मंत्रालयाला तीन महिने. न जमल्यास मुदतवाढ मागावी लागते, किंवा आश्वासन वगळावं अशी समितीला विनंती करावी लागते, आणि समिती तीही तपासते. आपल्या विधिमंडळातही आश्वासन समिती आहे. म्हणजे 'बघतो' हा शब्द या देशात सत्तर वर्षांहून जास्त काळ रीतसर नोंदला जातोय. तो आमच्या कॅन्टीनपर्यंत पोचायला थोडा वेळ लागला, इतकंच. शेअरबाजारात नोंदलेल्या कंपन्यांना विश्लेषकांबरोबरच्या तिमाही बैठकीचा लेखी उतारा पाच कामाच्या दिवसांत जाहीर करावा लागतो. गुंतवणूकदाराच्या प्रश्नाला नियम आहे, बसच्या प्रश्नाला नाही.

लोकसभेच्या त्या यादीतला एक बारकावा मी उचलला. 'करतो' आणि 'कळवतो' ही दोन वेगळी आश्वासनं आहेत. अ‍ॅडमिनच्या मॅनेजरने पंधरा तारखेपर्यंत बस आणण्याचं कबूल केलेलं नाही, बोलून सांगण्याचं कबूल केलंय. पंधराला त्याने येऊन "जमत नाही" म्हटलं तरी त्याचा शब्द पाळला गेला. हा फरक तक्त्यात दाखवला नाही तर वाचणारा पंधरा तारखेला फाट्यावर बसची वाट बघत बसेल. आणि प्लान्ट हेडांचं "आपण बघू"? त्यात करणारा कोण ते नाही, कधी ते नाही. ते मी आश्वासनात धरते, पण 'कोण' आणि 'कधी' या दोन्ही ठिकाणी 'सांगितलं नाही' लिहून. माझ्या मनाने कोणाचं नाव घालत नाही. एकदा नाव घातलं की त्या माणसाला आपण न बोललेला शब्द पाळायचा असतो.

तक्ता झाला की उत्तर देणाऱ्यांकडे जातो, आणि परत येताना त्यात हमखास फुलं माळलेली असतात. 'समाधानकारक खुलासा करण्यात आला.' ते काढावं लागतं. त्यासाठी एक तोड निघाली: बोललेलं बदलायचं नाही, पण शेजारी 'नंतर दिलेलं उत्तर' असा रकाना तारखेसह ठेवायचा. तिथे काय हवं ते लिहा, पानभर लिहा. गंमत म्हणजे खरी उत्तरं बऱ्याचदा तिथेच येतात. घाईत माइकवर न सुचलेलं तिथे शांतपणे सुचतं.

विचारणाऱ्याचं नाव तक्त्यात नसतं. पण नाव गाळून भागत नाही. 'सेकंड शिफ्ट, पेंट शॉप, जुन्नरकडचे' असं लिहिलं की असे लोक दोनच, आणि त्यातला एक मुका म्हणावा इतका अबोल. म्हणून मी लिहिलं, 'रात्रीच्या बसने जाणारे कर्मचारी'. ती बस चाळीस जणांची आहे.

पंधरा तारखेला अ‍ॅडमिनचा मेल आला. ट्रान्सपोर्टर म्हणतो मोठी बस वस्तीच्या रस्त्याला वळणार नाही, कालव्याजवळचं वळण अवघड आहे. फाट्यापासून पुढे लहान गाडी लावता येईल, दर ठरायचा आहे, महिनाअखेर कळवतो. १४ अ: 'कळवलं, नवी तारीख महिनाअखेर.' १४ इ समोर 'नंतर दिलेल्या उत्तरात' प्रामाणिक नोंद आली की मागच्या वेळी कोणी लिहून ठेवलं नव्हतं, त्यामुळे सांगता येत नाही. लहान गाडी पुढच्या महिन्यात सुरू झाली, आता ती वस्तीवरच्या देवळापर्यंत येते. १४ आ मात्र अजून 'सांगितलं नाही' वरच होता, म्हणून पुढच्या टाउनहॉलच्या सुरुवातीला मी तोच मोठ्याने वाचून दाखवला. साहेबांनी विचारलं, "हे कोणी विचारलं होतं? उभे राहा, बोलू." कोणी उभं राहिलं नाही. या वेळी टाउनहॉल सकाळी अकराला होता. सेकंड शिफ्टची माणसं त्या वेळी घरी असतात.